फोटोत डबल चिन दिसते ती मानेमुळे: मान नेमकी कुठे आणि कशी ठेवायची

आधी हे करून बघा. आरशासमोर उभे राहा, एक बोट हनुवटीच्या खालच्या मऊ भागावर ठेवा आणि शाळेत "सावधान" म्हटल्यावर करायचो तसं डोकं सरळ मागे घ्या, हनुवटी आत. बोटाखाली कातडीची वळी जमा झालेली लगेच कळेल, अगदी सडपातळ माणसालासुद्धा. आता खांदे आहेत तिथेच ठेवा आणि नुसता चेहरा सरळ पुढे आणा, वर नाही, खाली नाही, फक्त समोर, दोनेक बोटं. बोटाखालची वळी ताणली जाते आणि जबड्याची कड हाताला लागायला लागते. वजन तेच, चरबी तीच, मधे गेले दोन सेकंद. फोटोतल्या डबल चिनचं निम्मंअधिक काम इथेच आहे, बाकी उरलेलं कॅमेरा कुठे आहे आणि उजेड कुठून येतोय यात आहे.

हे असं का होतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे नंतरच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

हनुवटीच्या टोकापासून मागे गळ्याकडे एक रेघ जाते आणि मग ती वळून खाली मानेवरून उतरते. ही जिथे वळते तिथे गळ्यात एक छोटं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं हाड असतं, हायॉइड म्हणतात त्याला, कंठमण्याच्या थोडं वर. हे दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंच्या आधारावर लटकलेलं असतं, म्हणून जीभ हलली, गिळलं, मान हलली की तेही हलतं. त्या वळणावरचा कोन साधारण १०५ ते १२० अंशांच्या आसपास असेल तर गळा सुबक दिसतो असं चेहऱ्याच्या सर्जरीतले डॉक्टर मानतात. कोन जसजसा मोठा होत जातो तसतशी हनुवटी आणि मान एकच उतार दिसायला लागते, आणि मान मागे किंवा खाली घेतली की तोच भाग दुमडून वळी होते. ज्यांचं हायॉइड मुळातच खाली आहे किंवा हनुवटी जरा आत आहे त्यांना वजन कमी असूनही डबल चिन दिसते, त्यामुळे "मी एवढी बारीक, तरी फोटोत असं का" याचं उत्तर बऱ्याचदा हाडात असतं, खाण्यात नाही.

म्हणजे आपल्याला फोटोपुरतं काय करायचंय, तर हनुवटी आणि गळा यांच्यात अंतर वाढवायचंय आणि जे काही उरेल ते जबड्याच्या आड, सावलीत जाईल असं बघायचंय. एवढंच.

लोक चुकतात कुठे

फोटो काढतोय म्हटलं की माणूस आपोआप दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर ताठ होऊन हनुवटी आत घेतो, कारण "नीट बस" म्हणजे असंच हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. किंवा मग डबल चिन येईल या भीतीने हनुवटी वर उचलतो. हनुवटी वर केली की कातडी ताणली जाते हे खरं, पण समोरून काढलेल्या फोटोत जबड्याचा खालचा सगळा भाग कॅमेऱ्यासमोर येतो, नाकपुड्या दिसतात, आणि जे लपवायचं होतं त्यालाच जास्त जागा मिळते. वर माणूस उगाच तोऱ्यात असल्यासारखा दिसतो.

इथे अजून एक गोंधळ होतो तो सांगतो. फिजिओकडे मानदुखीसाठी गेलात तर ते हनुवटी आत घ्यायचा व्यायाम देतात, डोकं खांद्यांच्या वर सरळ आणायचा. तो व्यायाम बरोबरच आहे, दिवसभर मोबाईल बघून मान पुढे गेलेली असते त्यासाठी आहे, तो करत राहा. पण फोटोसाठी लागणारी हालचाल त्याच्या बरोब्बर उलटी आहे आणि ती चार-पाच सेकंदांसाठी आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत करून काही जण फोटोत व्यायामाची पोझ घेतात आणि मग वळी येते. आणि जबड्याचे व्यायाम करून हनुवटीखालची चरबी जाईल असं जे सांगतात त्याच्या नादी लागू नका, एका जागेचा व्यायाम केला म्हणून त्याच जागेची चरबी जात नाही.

पायरी पायरीने, एका फोटोवर

माझ्या आत्याचं उदाहरण घेतो, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र होत्या. साठीच्या जवळपासची, मान आखूड, चष्मा, आणि भजनी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापायला छातीपर्यंतचा फोटो हवा होता. हॉलमधल्या मऊ सोफ्यावर टेकून बसली होती, गळ्यात ठुशी, आणि काका समोर स्टुलावर बसून छातीच्या उंचीवर मोबाईल धरून फोटो काढत होते. प्रत्येक फोटोत मान गायब.

सुरुवात बैठकीपासून केली, मानेपासून नाही. मऊ सोफ्यात माणूस रुततो, कंबर मागे लोळते, पाठीला पोक येतो, आणि पाठ गोल झाली की मान खांद्यांत जाते. मग पुढे कितीही सांगा, मान काढायला जागाच नसते. म्हणून जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची आणली आणि तिला खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसवलं, पाठ न टेकता, दोन्ही पाय जमिनीवर. मग कमरेतून, म्हणजे खुब्यातून, थोडंसं माझ्याकडे झुकायला सांगितलं, पाठ सरळच ठेवून. हे झुकणं फार नाही, समोरचा माणूस हळू बोलतोय आणि आपण ऐकायला पुढे होतो तेवढं. एवढ्यानेच चेहरा धडाच्या पुढे येतो आणि मानेवरचं अर्धं काम कमी होतं.

मग खांदे. श्वास आत घेताना खांदे वर जातात, फोटोच्या वेळी श्वास रोखून धरला की ते तिथेच अडकतात आणि मान एक-दोन इंचांनी आखूड दिसते. म्हणून "आत्या, श्वास सोड पूर्ण" म्हटलं आणि श्वास सुटला तसे खांदे खाली आले. खांदे मागे ओढायला मात्र सांगू नका, ते सांगितलं की छाती पुढे येते आणि डोकं मागे जातं, परत तेच सावधान.

धड कॅमेऱ्याकडे एकदम सरळ न ठेवता साधारण ३० अंश तिरकं केलं, म्हणजे खुर्चीच फिरवली, आणि चेहरा माझ्याकडे वळवला. याने जबड्याची एक कड स्पष्ट होते. पण जास्त वळवलं तर मानेला बाजूने आडव्या सुरकुत्या पडतात आणि एक दोरीसारखा स्नायू उठून दिसतो. हनुवटी खांद्याच्या वर यायला लागली की समजा जास्त झालं, खुर्ची थोडी परत फिरवा.

आता मुख्य हालचाल. चेहरा सरळ पुढे, कासव कवचातून डोकं बाहेर काढतं तसा, आणि मग कपाळ अगदी किंचित खाली. यात क्रम महत्त्वाचा, आधी पुढे मग खाली. आधी खाली केलं तर हनुवटी गळ्यात जाते आणि तिथून पुढे येणं जमत नाही. न्यूयॉर्कचा हेडशॉट फोटोग्राफर पीटर हर्ली याने ही गोष्ट बरीच वर्षं शिकवली आहे आणि तो हनुवटीऐवजी कपाळाबद्दल बोलतो, ते मला फार पटतं. "हनुवटी पुढे कर" म्हटलं की दहातले बहुतेक जण हनुवटी वर करतात. त्याऐवजी "कपाळ माझ्याकडे आण" म्हणा. आत्याला मी म्हटलं, "तुझ्या समोर काच आहे असं समज आणि कपाळ त्या काचेला टेकव." पहिल्या फटक्यात जमलं.

किती पुढे? साधारण दोन ते तीन बोटं रुंदीएवढं. तिला वाटत होतं की आपण अगदीच विचित्र दिसतोय, आणि बाजूने बघणाऱ्या काकांना तसं दिसतही होतं, ते हसायला लागले. पण कॅमेरा समोर आहे, तो खोली सपाट करून टाकतो, पुढे आलेलं डोकं त्याला पुढे आलेलं दिसतच नाही, फक्त जबड्याखाली एक स्वच्छ सावली दिसते. तिला लगेच आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी दाखवला, कारण ज्याचा फोटो आहे त्याने एकदा स्वतः बघितल्याशिवाय ही पोझ कोणी मनापासून करत नाही.

किती खाली? हे नजरेने ठरवायचं. नाकपुड्या दिसेनाशा झाल्या आणि जबड्याची कड गळ्यापासून वेगळी दिसली की थांबा. पुढे गेलात तर कपाळ मोठं आणि हनुवटी टोकदार छोटी दिसते, डोळे वर करून बघावं लागतं म्हणून बुबुळाखाली पांढरं दिसायला लागतं, आणि गळ्यात परत घडी पडते. चष्मा असेल तर एक फायदा असा की कपाळ किंचित खाली आलं की समोरच्या उजेडाची काचेवरची चमक जाते. पण फ्रेमची वरची कड डोळ्यांवर आली तर ते जास्त झालं, मग चष्मा नाकावर जरा वर सरकवायचा.

शेवटची गोष्ट जीभ. संपूर्ण जीभ टाळूला लावून हलकेच दाबली की तोंडाचा तळ वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर हायॉइडही वर येतं, हनुवटीखालचा भाग आत जातो. आरशासमोर बोट लावून हेही करून बघा, लगेच कळेल. जमत नसेल तर एकदा आवंढा गिळा, जीभ आपोआप बरोबर जागी जाते, तशीच ठेवायची. दात मात्र आवळायचे नाहीत, आवळले तर गालाच्या मागे जबड्याचे स्नायू फुगतात आणि चेहरा चौकोनी, रागावलेला दिसतो. ओठ मिटलेले, वरखालचे दात एकमेकांना न लागलेले, एवढं पुरे. दात दाखवून हसायचं असेल तरी जीभ वर ठेवता येते, फक्त बोलता येत नाही.

हे सगळं एकाच वेळी धरून ठेवलं की माणूस दगडासारखा होतो, आत्याचंही तसंच झालं, मान बरोबर पण चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. म्हणून बैठक, खांदे आणि खुर्चीचा कोन आधीच लावून घ्या आणि मान तशीच आरामात राहू द्या. मग "तयार? हं, कपाळ" असं म्हटलं की शेवटच्या क्षणी पुढे यायचं, दोन-तीन क्लिक, की परत सैल. मधे गप्पा मारा. खळखळून हसताना बहुतेकांचं डोकं मागे जातं आणि तेव्हा वळी येते, पण हसून झाल्यावर डोकं परत पुढे येतं तो क्षण सुंदर असतो, चेहऱ्यावर हसू असतं आणि मान जागेवर. आत्याचा छापला गेलेला फोटो तोच आहे.

ठुशी काढून ठेवायला सांगितली नाही, तिला ती हवी होती. पण गळ्याला घट्ट बसणारा दागिना मानेचे दोन तुकडे करतो आणि आखूड मान अजून आखूड दिसते, म्हणून ठुशी थोडी सैल करून खाली उतरवली आणि मंगळसूत्र पदराबाहेर घेतलं, उभी रेघ मिळाली.

कॅमेरा कुठे

मानेचं सगळं बरोबर करून कॅमेरा खाली ठेवला तर काही उपयोग नाही. काका स्टुलावर बसून छातीच्या उंचीवरून काढत होते, म्हणजे लेन्स खालून वर बघत होती आणि जबड्याचा खालचा भाग तिच्या सगळ्यात जवळ होता. लेन्स डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याच्या जरा वर, फार तर वीतभर. त्याहून वर गेलात तर डोकं मोठं आणि धड लहान असा प्रकार होतो, शिवाय बघणाऱ्याला लगेच कळतं की काहीतरी लपवलंय.

अंतर निदान दीड मीटर ठेवा आणि मोबाईलमध्ये 2x लावा. याचं कारण साधं गणित आहे. डोकं ३ सेंटीमीटर पुढे आणलं आणि मोबाईल ४० सेंटीमीटरवर असेल तर चेहरा कॅमेऱ्याच्या साडेसात टक्के जवळ आला, तो फरक दिसतो, नाक-कपाळ फुगीर दिसतात. तेच १५० सेंटीमीटरवरून फक्त दोन टक्के, कोणाला कळतही नाही. म्हणजे मान पुढे काढायची युक्ती लांबून काढलेल्या फोटोतच नीट चालते.

उजेड समोरून आणि डोळ्यांच्या वरून आला पाहिजे, म्हणजे जबड्याची सावली गळ्यावर पडते. खिडकीसमोर बसवलं की हे आपोआप होतं. फसवतं ते खालून उसळणारं प्रकाशाचं प्रतिबिंब, पांढऱ्या फरशा, पांढरा टेबलक्लॉथ, मांडीवरचा लॅपटॉप. यातला उजेड नेमका हनुवटीखाली जातो आणि सावली पुसून टाकतो. आमच्या गॅलरीत पांढऱ्या टाइल्स आहेत, तिथे पायाशी गडद रंगाची सतरंजी टाकली की फरक पडतो.

जिथे ही युक्ती चालत नाही

पूर्ण बाजूने, म्हणजे प्रोफाइलने फोटो असेल तर डोकं पुढे काढू नका. तिथे पुढे आलेली मान स्पष्ट दिसते आणि पोक काढल्यासारखं वाटतं. प्रोफाइलमध्ये डोक्याचा माथा वर छताकडे ताणायचा, मान लांब करायची, आणि हनुवटी थोडीशी वर. समोरून जे वाईट दिसतं तेच बाजूने चांगलं दिसतं, कारण कॅमेरा जबड्याच्या खाली बघतच नसतो, त्याला फक्त कोन दिसतो. जीभ टाळूला लावणं मात्र इथे सगळ्यात जास्त कामाला येतं.

पासपोर्ट किंवा व्हिसाच्या फोटोत चेहरा सरळ लागतो, डोकं झुकवलेलं चालत नाही. तिथे कपाळ खाली करायचं नाही, फक्त खुब्यातून थोडं पुढे झुकायचं आणि चेहरा एकदम सरळ ठेवायचा, जीभ वर, खांदे खाली. स्टुडिओवाले बऱ्याचदा "हनुवटी खाली" म्हणतात, ते ऐकताना मान मागे जाऊ देऊ नका.

लग्नात विधी चालू असताना वधूवर पाटावर बसून खाली होमाकडे किंवा हातातल्या अक्षतांकडे बघत असतात, आणि फोटोग्राफर चांगला अँगल मिळावा म्हणून जमिनीवर बसतो. खाली वाकलेली मान आणि खालचा कॅमेरा, याहून वाईट जोडी नाही. फोटो काढणारे असाल तर अशा वेळी उठून खुर्चीच्या उंचीवरून काढा, वरून बघताना चेहराच गळा झाकतो. आणि वधू किंवा वर असाल तर एवढंच लक्षात ठेवा, वाकायचं ते कमरेतून, आणि बघायचं ते डोळ्यांनी खाली, हनुवटी छातीला लावून नाही. मुंडावळ्या, फुलं, दागिने यांच्या वजनाने डोकं हळूहळू खाली जातं, ते पाच-दहा मिनिटांनी एकदा वर उचलून घ्यायचं.

ज्यांना मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात, त्यांना मान पुढे ताणायला अजिबात सांगू नका. त्यांच्यासाठी खुब्यातून झुकणं, कॅमेरा वीतभर वर घेणं आणि समोरचा उजेड, या तीन गोष्टीच वापरा, मान जिथे आहे तिथेच राहू द्या, तरी बराच फरक दिसतो. आणि गळ्यावर नवीन सूज आली असेल, एकाच बाजूला असेल, किंवा गिळताना वरखाली होणारी गाठ असेल, तर ती पोझने लपवायची गोष्ट नाही, डॉक्टरांना दाखवा.

सेल्फीत दोन अडचणी एकदम येतात, अंतर कमी आणि हात ताणल्यामुळे त्या बाजूचा खांदा वर. शक्यतो मोबाईल कपाटाच्या फळीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा, टायमर १० सेकंदांवर लावा आणि दीड मीटर मागे या. हातात धरूनच काढायचा असेल तर मोबाईल भुवयांच्या उंचीला, धरलेल्या हाताचा खांदा मुद्दाम खाली सोडा, आणि मान अगदी एकच बोट पुढे, जास्त नाही, कारण एवढ्या जवळून दोन-तीन बोटं पुढे आलात की नाकच फोटोभर होतं.